छोटा व्हाइटबोर्ड तासिकेत नेमका केव्हा उचलायचा?

आदरणीय ताई,
मी नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात ४४ मुले आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. मुलांसाठी छोटे व्हाइटबोर्ड मिळाले, तेव्हापासून मी तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत चार-पाच उदाहरणे घालते आणि मुले उत्तरे वर धरून दाखवतात. पण कोणी आधी दाखवतो, कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहितो, आणि निम्म्या मुलांचे चुकले आहे हे कळेपर्यंत घंटा होते. मध्येच थांबून तपासले तर पाठ मागे पडतो. मुख्याध्यापकांना टाचणात आकारिक मूल्यमापन दिसायला हवे आहे. पुढच्या आठवड्यात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घ्यायची आहे. टाचणात ही तपासणी कुठे आणि किती वेळा लिहू?
— एक शिक्षिका, नागपूर

सप्रेम नमस्कार.

टाचण लिहायला बसाल तेव्हा मिनिटांची वाटणी करण्यापूर्वी एका गोष्टीचा शोध घ्या. या पाठात अशी जागा कोणती आहे, जिच्यापुढे मुले चुकीची समजूत घेऊन गेली तर उरलेला सगळा वेळ त्या चुकीचाच सराव होईल? तपासणी तिथे ठेवायची, आणि तीही अशा बेताने, की उत्तरे पाहून तुम्हाला पुढचे काम बदलता यावे. ज्या तपासणीनंतर तुमच्या हातात बदलण्यासारखे काहीच उरत नाही, ती मुलांना थकवते आणि तुम्हाला खंत देते, यापलीकडे तिचा उपयोग नसतो. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या लंडनमधील अभ्यासकांनी १९९८ मध्ये या विषयावरील शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांनीही मूल्यमापनाला आकारिक म्हणण्यासाठी हीच अट घातली होती, की मिळालेल्या पुराव्यावरून अध्यापन प्रत्यक्ष बदलले पाहिजे. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक हा शब्द नोंदवहीतील गुणांच्या रकान्याशी इतका चिकटला, की ही अट मागे पडली. तुमच्या टाचणात ती पुन्हा पुढे आणता येईल.

भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेत अशा जागा दोनच आहेत. पहिली जागा पाठाच्या अगदी सुरुवातीला येते, कारण सममूल्य अपूर्णांक ज्याला करता येत नाही त्याला छेद समान करणे ही निव्वळ हातचलाखी वाटते. दुसरी जागा तुमची सोडवून दाखवलेली उदाहरणे संपल्यावर आणि मुलांनी वह्या उघडून सरावसंचाला हात घालण्यापूर्वी येते. म्हणून या पाठात व्हाइटबोर्ड दोनदाच वर येऊ द्या. चार-पाच उदाहरणांची मालिका बंद करा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा, पण तो प्रश्न टाचण लिहितानाच नीट घडवलेला असू द्या. वर्गात उभ्या उभ्या सुचलेला प्रश्न बहुधा फार सोपा तरी असतो किंवा चुका लपवणारा तरी असतो.

पहिला प्रश्न असा घ्या: ३/५ = □/२०. चौकटीत कोणती संख्या येईल, तेवढीच बोर्डावर लिहायची. बरोबर उत्तर १२. ज्या बोर्डावर १८ दिसेल, त्या मुलाने पाचाचे वीस होण्यासाठी पंधरा मिळवले आणि तेच पंधरा तिनात मिळवले. त्याच्या मनात अपूर्णांक म्हणजे वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या संख्या आहेत. ज्याच्या बोर्डावर ३ दिसेल, त्याने फक्त छेद बदलला. आणि जो ४ लिहील, त्याने किती पट हे बरोबर ओळखले, पण ती पट अंशाला लावायची राहिली, म्हणजे त्याला एका वाक्याची मदत पुरेल. या तीन चुकांपैकी खरी काळजीची पहिली आहे. १८ लिहिणारी मुले तीन-चार असतील तर त्यांना पुढच्या बाकांवर बोलवा आणि पाठ सुरू करा. ती संख्या दहा-बाराच्या घरात गेली, तर मात्र बेरीज उद्यावर ढकला आणि आजचा तास सममूल्य अपूर्णांकांना द्या. फळ्यावर पाच उभ्या पट्ट्यांचा आयत काढून तीन पट्ट्या रंगवायच्या, मग तीन आडव्या रेषांनी त्याचे चार थर करायचे. भाग वीस झाले, रंगवलेले बारा झाले, आणि रंगवलेली जागा तेवढीच राहिली, हे मुलांना मोजून सांगू द्या. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात आणि एकेका तासाची ओढाताण असते, हे मला ठाऊक आहे. तरीही हा तास देणे स्वस्त पडते, कारण हाच पाया कच्चा राहिला तर बेरीज, वजाबाकी आणि पुढे गुणोत्तर अशा प्रत्येक प्रकरणात तोच तास पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

वर्ग तयार आहे असे दिसले, तर शिकवण्यासाठी दोन उदाहरणे पुरतात. १/२ + २/५ आणि १/३ + २/५ ही मी सुचवते. दोन्ही आयतावरच करून दाखवा. पहिल्या उदाहरणासाठी दोन उभ्या पट्ट्या आणि पाच आडवे थर असा दहा चौकटींचा आयत घ्या. अर्धा म्हणजे पाच चौकटी, दोन पंचमांश म्हणजे चार चौकटी, मिळून ९/१०. दुसऱ्यात पंधरा चौकटी होतात; पाच आणि सहा मिळून ११/१५. प्रत्येक वेळी दोन अपूर्णांकांसाठी एकाच मापाचे दोन वेगळे आयत काढा. एकाच आयतात दोन्ही रंगवायला गेले, की उभी पट्टी आणि आडवा थर एकमेकांवर येतात आणि ती सामाईक चौकट एकदा मोजायची की दोनदा, या गोंधळात मुले अडकतात. सध्या लसावि वापरायला सांगू नका. छेदांचा गुणाकार आणि चौकटींची संख्या ही एकच गोष्ट आहे, एवढे आज दिसले तरी पुष्कळ झाले.

आता दुसरा प्रश्न. पाठाची खरी कळ त्याच्यात आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक जण इथे १/३ + १/४ असा प्रश्न घालतात, कारण तो लहान आणि सुटसुटीत दिसतो. उत्तर ७/१२. पण याच उत्तरापर्यंत एक संपूर्ण चुकीची वाटसुद्धा पोहोचते: वर छेदांची बेरीज, तीन आणि चार सात, खाली छेदांचा गुणाकार, तीन चोक बारा. दोन्ही अपूर्णांकांचा अंश एक असेल तोवर ही युक्ती दरवेळी बरोबर उत्तर देते आणि मुले ती आपली आपण शोधून काढतात. तुम्हाला चव्वेचाळीस बोर्डांवर ७/१२ दिसेल, तुम्ही निश्चिंतपणे सरावसंच द्याल, आणि दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना निम्म्या मुलांनी असे का केले असावे हे तुम्हाला उमगणार नाही. तपासणीच्या प्रश्नाची पहिली कसोटी म्हणूनच अशी ठेवा, की चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर मिळता कामा नये. आणखी एक कसोटी लावा: प्रत्येक चुकीच्या विचाराचे उत्तर वेगळे यावे, म्हणजे बोर्ड पाहताच चूक कोणत्या जातीची आहे ते कळेल.

२/३ + १/४ हा प्रश्न दोन्ही कसोट्यांना उतरतो. बरोबर उत्तर ११/१२. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा मुलगा ३/७ लिहील. छेद बारा करून अंश तसेच ठेवणारा ३/१२ लिहील, आणि त्याने संक्षेप केला असेल तर १/४. वर सांगितलेली छेदांच्या बेरजेची युक्ती वापरणारा ७/१२ वर येईल. चार विचार, चार वेगळी उत्तरे. टाचणात ही चारही उत्तरे आधीच लिहून ठेवा, कारण चव्वेचाळीस बोर्ड वाचणे कोणालाच जमत नाही. पण तीन ओळखीच्या चुका कुठे कुठे दिसतात ते हेरणे अर्ध्या मिनिटात जमते. प्रश्न सोडवायला मुलांना साधारण दीड मिनिट लागेल. याहून जास्त वेळ लागणारा प्रश्न तपासणीसाठी घेऊ नये, तो वर्गपाठाचा असतो.

हा प्रश्न विचारण्यापूर्वी फळ्यावरची दोन्ही सोडवलेली उदाहरणे पुसून टाका. समोर नमुना असेल तर मुले त्यात नुसते अंक बदलतात, आणि तुम्हाला समजल्याची खूण म्हणून जे दिसते ते नकलेचे कौशल्य असते. उदाहरण संपल्या संपल्या लगेच विचारण्यापेक्षा मध्ये एखादे मिनिट जाऊ द्या. मुलांना बोर्ड पुसायला, मार्करचे टोपण काढायला सांगण्यात ते सहज जाते.

उत्तरे दिसल्यावर काय करायचे, हेही टाचणात त्या प्रश्नाखालीच लिहिलेले असावे. बोर्ड वर आल्यावर विचार करायला लागलात, तर मुलांच्या नजरेखाली तुम्ही सवयीने पुढे सरकाल. सगळे शिक्षक सरकतात. तुमच्या ४४ च्या वर्गासाठी मी तीन वाटा लिहून देते. ११/१२ लिहिणारी मुले पस्तीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतील, तर वर्गाला सरावसंच द्या आणि उरलेल्या आठ-नऊ जणांना फळ्याजवळ घेऊन आयतावर पुन्हा एकदा करा. बरोबर उत्तरे तेरा ते तीस या दरम्यान असतील, तर स्वतः समजावून सांगू नका. ज्याचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आहे अशा शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्या, असे सांगून दोन मिनिटे द्या आणि मग नवा प्रश्न विचारा. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी व्याख्यानांत अशी चर्चा रुजवली आणि साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असते तेव्हाच ती फलदायी होते, अशी मर्यादा त्यांनी सांगितली. त्याचे कारणही सरळ आहे. त्याहून कमी मुलांना येत असेल, तर पटवून देणाराच सापडत नाही. अशा वेळी, म्हणजे तेराहूनही कमी बोर्डांवर ११/१२ असेल तेव्हा, सरावसंच त्या दिवशी देऊच नका. घरीसुद्धा देऊ नका. पाठ पुन्हा घ्यायचा, आणि या वेळी मुलांच्याच वहीतल्या चौकटींवर घ्यायचा. तीस आणि पस्तीस यांच्यामध्ये संख्या अडकली, तर मी चर्चेच्या बाजूने कौल देईन.

चर्चेनंतरचा नवा प्रश्नही तयार असू द्या: ३/४ + १/५. बरोबर उत्तर १९/२०. त्याच तीन चुकांची उत्तरे अनुक्रमे ४/९, ४/२० आणि ९/२०. आधीच्या प्रश्नात ३/७ लिहिणाऱ्या मुलाने आता १९/२० लिहिले, तर चर्चेने काम केले. त्याने ४/९ लिहिले, तर शेजाऱ्याचे म्हणणे त्याने ऐकून घेतले पण मानले नाही, आणि तो तुमचा फळ्याजवळच्या गटातला विद्यार्थी आहे.

३/७ वाल्यांना परत शिकवताना नियम पुन्हा सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांच्याजवळ आधीच एक नियम आहे आणि तो त्यांना सोपा वाटतो. त्यांच्याच नियमाने १/२ + १/२ करायला सांगा. वर दोन, खाली चार. म्हणजे पुन्हा अर्धाच. अर्धी पोळी आणि अर्धी पोळी मिळून अर्धीच कशी उरली, हा प्रश्न मग त्यांचा स्वतःचा होतो. ३/१२ वाल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना छेद समान करायचे आहेत हे कळले आहे, पण छेद बदलला की तुकडा लहान होतो हे सुटले आहे. त्यांना बारा चौकटींच्या आयतात २/३ रंगवायला लावा आणि मग २/१२ रंगवायला लावा. आठ चौकटी आणि दोन चौकटी शेजारी शेजारी दिसल्या, की बहुधा बोलावे लागत नाही. ७/१२ वाल्यांना त्यांची युक्ती १/३ + १/४ ला लागू पडते हे आधी मान्य करा, मग तिच्यात २/३ मधला दोन कुठे गेला ते विचारा. एकाच वर्गातील या तीन चुकांना तीन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. कोणाला कोणते द्यायचे हे त्या अर्ध्या मिनिटात कळावे, यासाठीच प्रश्नातील अंक निवडण्याची एवढी खटपट.

आता मिनिटांकडे येऊ. पहिली चार मिनिटे सममूल्य अपूर्णांकांचा प्रश्न आणि त्यावरची दोन वाक्ये. तिथून सतराव्या मिनिटापर्यंत दोन उदाहरणे. विसाव्या मिनिटापर्यंत दुसरी तपासणी. सव्विसाव्यापर्यंत वर लिहिलेल्या वाटांपैकी जी लागू पडेल ती. त्यानंतर सात मिनिटे सरावसंचातील तीन उदाहरणे वहीत, आणि शेवटची दोन मिनिटे एका चिठ्ठीसाठी, जिच्याबद्दल पुढे लिहिते. तुम्ही म्हणता तसा पाठ मागे पडू नये यासाठी वेळ कुठून काढला, तर फळ्यावर सोडवून दाखवायच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या उदाहरणांतून. ती उदाहरणे ज्यांना समजले त्यांना नको असतात आणि ज्यांना समजले नाही त्यांना त्यांचा उपयोग होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा होऊन तासिका लहान झाली, तर कात्री सरावसंचाला लावा. दुसऱ्या तपासणीनंतरची सहा मिनिटे मात्र राखा. पाठ घाईत असला की नेमकी तीच सहा मिनिटे सगळ्यात आधी कापली जातात, आणि ती कापली की तपासणीही व्यर्थ जाते.

मुले वेगवेगळ्या वेळी बोर्ड वर करतात, याचा बंदोबस्त शिस्तीच्या भाषणाने होत नाही, ठरलेल्या क्रमाने होतो. प्रश्न फळ्यावर लिहा. वाचून दाखवू नका, कारण वाचू लागलात की उत्तरे तोंडी येऊ लागतात. लिहून झाले की बोर्ड बाकावर पालथा. ठरलेली वेळ संपली की "एक, दोन, दाखवा" असे म्हणा, आणि "दाखवा" या शब्दाला सगळ्यांचे बोर्ड एकदम हनुवटीखाली, दोन्ही हातांनी धरलेले. पालथा बोर्ड आणि एकाच क्षणी वर येणे, एवढ्याने शेजाऱ्याचे पाहून लिहिणे बरेच कमी होते. कोणी वर केल्यावर अंक बदलू लागला तर तेही उघड दिसते. ज्याला काहीच सुचले नाही त्याने प्रश्नचिन्ह काढायचे, पण कोरा बोर्ड चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. प्रश्नचिन्ह काढणाऱ्याला कधीही रागावू नका. एकदा रागावलात, की पुढच्या वेळेपासून तिथे शेजाऱ्याचे उत्तर दिसेल आणि तुमची माहिती खोटी होईल.

पाहताना मागच्या बाकांपासून सुरुवात करा. पुढच्या बाकांवरची चार-पाच हुशार मुले आपली नजर पकडून ठेवतात आणि सगळा वर्ग त्यांच्यासारखा वाटू लागतो. बोर्ड वर असताना "शाब्बास" म्हणू नका, मान हलवू नका. मुले तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात आणि चर्चा होण्याआधीच संपते. आणखी एक बारीक गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत हमखास आडवी येते. मराठी माध्यमातील आणि सेमी इंग्रजीतून आलेली मुले एकत्र असली, की काही बोर्डांवर देवनागरी अंक येतात आणि काहींवर इंग्रजी. घाईत पाहताना देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि देवनागरी पाच इंग्रजी चारासारखा. तुमचे बरोबर उत्तर ११/१२ आहे, त्यात तर एक तीनदा येतो. तपासणीपुरते सगळ्यांनी एकाच पद्धतीचे अंक काढावेत असे ठरवून टाका, आणि अंक तळहाताएवढे मोठे काढायला सांगा.

व्हाइटबोर्डांचे मार्कर लवकर कोरडे पडतात, विशेषतः टोपण उघडे राहिले तर. त्यावर खर्च होत असेल तर पांढरा कागद लॅमिनेट करून घेतलेलाही चालतो, आणि साधी पाटी-पेन्सिलसुद्धा चालते. पाटीवरची रेघ बारीक असते म्हणून मागच्या बाकांपर्यंत तुम्हाला चालत जावे लागेल, एवढाच फरक. पुसायला प्रत्येक बाकावर जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवा.

या साधनाची एक मर्यादा तुम्ही मनात ठेवावी असे मला वाटते. बोर्डावर उत्तर दिसते, विचार दिसत नाही. शिकवणीच्या वर्गात तिरक्या गुणाकाराची रीत पाठ केलेला मुलगाही २/३ + १/४ चे उत्तर ११/१२ च आणील; दोन चोक आठ, तीन एके तीन, अकरा, आणि खाली बारा. त्याचे गणित बरोबर आहे आणि त्याला टोकू नये, पण त्याला आठ म्हणजे काय हे सांगता येते का, ते मात्र पाहावे. म्हणून बोर्ड खाली ठेवल्यावर बरोबर उत्तर देणाऱ्या दोघांना, दर वेळी वेगळ्या, "हे आठ कशाचे आठ आहेत?" असे विचारा. "बाराव्या भागांचे आठ" किंवा "आठ चौकटी" असे काही आले तर पाया पक्का आहे. नुसते "दोन चोक आठ" आले, तर त्या मुलालाही आयत काढायला हवा आहे.

मुख्याध्यापकांसाठी टाचणात हे कसे दिसावे, याची चिंता करू नका. अध्यापन-कृतीच्या रकान्यात त्या त्या मिनिटासमोर प्रश्न, अपेक्षित बरोबर उत्तर, तीन चुकीची उत्तरे आणि तीन वाटा लिहा. तपासणीसाठी आलेल्या कोणालाही यापेक्षा स्पष्ट आकारिक मूल्यमापन दाखवता येणार नाही. मात्र बोर्डावरच्या उत्तरांना गुण देऊ नका, असे मी आग्रहाने सांगते. गुण आले की मुले लपवू लागतात, आणि बोर्ड पुसल्यावर त्या गुणाचा पुरावाही उरत नाही. नोंदवहीसाठी लागणारे गुण स्वाध्याय, तोंडी काम आणि चाचणी यांतून येतच असतात. तपासणीनंतर टाचणाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिहा, उदाहरणार्थ, "३/७ बरेच, खिडकीकडची रांग, ७/१२ दोघे". पुढच्या वर्षी हाच पाठ घेताना ही ओळ तुम्हाला कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

शेवटच्या दोन मिनिटांची चिठ्ठी बोर्डावर घेऊ नका, वहीच्या पानाच्या पाव तुकड्यावर नावासह घ्या, कारण ती तुम्हाला घरी न्यायची आहे आणि तिचा उपयोग उद्याचा आहे. तिच्यावर आकडेमोडीचा प्रश्न नको. "१/२ + १/३ चे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? आकडेमोड न करता एका वाक्यात कारण लिहा," एवढेच विचारा. अंशात अंश मिळवणाऱ्याचे उत्तर २/५ येते, आणि ते अर्ध्यापेक्षा लहान आहे हे त्याच्या लक्षात आलेले नसते. इथे त्याला ते लक्षात घ्यावे लागते. चिठ्ठ्या वाचताना गुण न देता तीन ढीग करा: कारण पटण्यासारखे, उत्तर बरोबर पण कारण नाही, आणि उत्तर चुकीचे. तिसरा ढीग पाच-सहा चिठ्ठ्यांचा असेल तर दुसऱ्या दिवशी त्या मुलांना सरावाच्या वेळी जवळ घ्या. तो पंधरा-वीस चिठ्ठ्यांचा असेल तर वजाबाकीचे टाचण बाजूला ठेवून दुसरा दिवस आयतापासून सुरू करा.

विसाव्या मिनिटाला ज्यांनी ११/१२ लिहिले, त्यांतली काही मुले आठवड्यानंतर ३/७ लिहितील. त्याने गोंधळून जाऊ नका. नुकतेच शिकवलेले बरोबर येणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. त्यासाठी पुढच्या आठवड्यातील कोणत्याही पाठाच्या टाचणात, अगदी पहिल्या दोन मिनिटांत, ३/५ + १/३ हा एकच प्रश्न आत्ताच लिहून ठेवा. बरोबर उत्तर १४/१५. जुन्या तीन चुका ४/८, ४/१५ आणि ८/१५ अशा दिसतील. त्या दिवशी कोणती चूक किती जणांकडे परतली आहे ते पाहा आणि समासातल्या आधीच्या ओळीखाली लिहा.